कादंबरीतील स्थलकाल : स्टेशन, देऊळ आणि दुष्काळ

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हूटगळ्ळी लागते. मुळात ते खेडे. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि शहर त्याच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचले आहे. एखाद्या कादंबरीकाराने आपल्या पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर या गावाचे नाव आणि एखादे साल लिहिले, तर वाचकाला स्थळ कळले आणि काळही कळला. परंतु एवढ्याने दोहोंची गाठ पडली असे होत नाही. पाटीवर नाव आहे, पंचांगात साल आहे. दोन्ही आपापल्या जागी स्वतंत्र आहेत. त्याच कादंबरीत एक म्हातारा आपले वय अमक्या पावसाळ्यापासून मोजतो आहे, त्याचा नातू दिवस कारखान्याच्या पाळीवर मोजतो आहे, आणि दोघेही एकाच उंबऱ्यावर बसून बोलत आहेत, असे दिसले, तर मात्र तो उंबरा निव्वळ लाकूड राहत नाही. दोन काळ तेथे एकमेकांवर आदळत असतात. उंबरा काढून घेतला तर ती टक्करही नाहीशी होईल.

काळ आणि स्थळ यांच्या अशा एकजीव होण्याला रशियन समीक्षक मिखाइल बाख्तिन याने ‘क्रोनोटोप’ हे नाव दिले. मराठीत त्यास ‘स्थलकाल’ म्हणावयास हरकत नाही. मात्र हा द्वंद्वसमास म्हणून न वाचता एकाच वस्तूचे नाव म्हणून वाचला पाहिजे. संज्ञा बाख्तिनची स्वतःची नव्हे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादात स्थळ आणि काळ विलग करता येत नाहीत ही कल्पना त्याच्यासमोर होती, आणि 1925 साली शरीरशास्त्रज्ञ उख्तोम्स्की याचे जीवशास्त्रातील क्रोनोटोपवरचे व्याख्यान त्याने ऐकले होते. विज्ञानातील हा शब्द आपण साहित्यविचारात जवळजवळ रूपक म्हणून घेतो आहोत, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आहे. कादंबरीच्या स्थलकालावरचा त्याचा प्रदीर्घ निबंध 1937-38 मधला. त्याला समारोपाचे टिपण त्याने 1973 मध्ये जोडले, आणि 1975 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. इंग्रजी भाषांतर 1981 चे. भारतीय समीक्षेत ही संज्ञा मुख्यतः त्या भाषांतराच्या वाटेने आली, आणि येताना थोडी सैलही झाली. आज ‘पार्श्वभूमी’ या जुन्या शब्दाऐवजी ती सर्रास वापरलेली दिसते. कादंबरीत वाडा आहे, घाट आहे, चाळ आहे, एवढे नोंदवून समीक्षक स्थलकाल सांगितल्याचे समाधान मानतो. ही केवळ यादी होय.

बाख्तिनला अभिप्रेत असलेली गोष्ट याहून काटेकोर आहे. त्याच्या मते कादंबरीत काळ अंग धरतो, डोळ्यांना दिसू लागतो. आणि स्थळात घटनेचा ओघ शिरून ते इतिहासाने भारले जाते. त्याने दिलेले दाखले प्रसिद्ध आहेत. रस्त्यावर निरनिराळ्या थरांतील माणसे योगायोगाने भेटतात, म्हणून तेथे काळ वाहता असतो. फ्लोबेरच्या लहानशा प्रांतिक गावात तो गोल गोल फिरतो. तेथे दिवस जातात, पण काही घडत नाही. दस्तयेव्स्कीच्या उंबऱ्यावर आणि जिन्यावर तो एका क्षणात गोठतो, कारण आयुष्याचा निर्णय तेथे व्हावयाचा असतो. यावरून एक साधी परीक्षा निघते. प्रसंग त्याच्या स्थळापासून उचलून दुसरीकडे नेऊन पाहावा. तो जसाच्या तसा उभा राहिला तर ते स्थळ पडद्यावरचे चित्र होते. तो मोडला किंवा त्याचा अर्थच बदलला, तर तेथे स्थलकाल होता.

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या भाषेत ‘मुक्काम’ हा शब्द जागाही सांगतो आणि तेथे राहण्याची मुदतही सांगतो; ‘मजल’ म्हणजे अंतर आणि तेवढे चालण्याचा दिवसही. याहून बोलका शब्द ‘दुष्काळ’. तळी आटतात, जमीन भेगाळते, गुरे पडतात. हे सारे जमिनीवर डोळ्यांना दिसते, आणि तरी आपण त्याला नाव दिले ते वाईट काळाचे. जमिनीची दशा काळाच्या नावाने ओळखणाऱ्या भाषेत स्थलकालाचा विचार शब्दकोशातच अर्धा झालेला आहे. पुढील उदाहरण म्हणूनच दुष्काळाचे घेतले आहे. ते म्हैसूरचे आहे: आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ ही 1958 सालची कादंबरी, जिला 1960 मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

या कादंबरीचे बीज कोठे पडले हे नारायण यांनीच आपल्या आत्मकथनात (‘माय डेज’, 1974) सांगून ठेवले आहे. म्हैसूर भागात मोठा दुष्काळ पडला होता. कृष्णराजसागराचा तळ उघडा पडून त्याला भेगा गेल्या होत्या. त्यात नारळाच्या झाडांचे बुंधे, वाळून गेलेल्या मगरी आणि एक जुने, बुडालेले देऊळ दिसू लागले होते. त्या धरणाने कन्नंबाडी हे गाव पोटात घेतले होते, आणि पाणी फार उतरले की तेथील वेणुगोपाळस्वामींचे देऊळ वर येई. अलीकडे ते हलवून उंचावर पुन्हा उभारले आहे. नगरपालिकेने अखेरचा उपाय म्हणून पावसासाठी प्रार्थना योजली. कावेरीच्या कोरड्या पात्रात, मोठ्या खर्चाने आणलेल्या गुडघाभर पाण्यात, ब्राह्मणांचा एक समूह अकरा दिवस उपवास करून मंत्र म्हणत उभा राहिला, आणि बाराव्या दिवशी पाऊस पडला.

ही घटना जशी घडली तशी ती अद्भुत आहे, पण कादंबरीच्या अर्थाने स्थलकाल नव्हे. तेथे स्थळ आहे, अकरा दिवसांची मुदत आहे आणि पाऊसही आहे. परंतु मुदत विधीची आहे, ती कोणाही एका माणसाच्या अंगावरून गेलेली नाही. त्या दिवसांतून उभे राहणारे ब्राह्मण बाहेर आले ते आत गेले होते तसेच. धरणाच्या तळातून वर आलेले देऊळ मात्र स्थलकालाच्या फार जवळचे आहे, कारण तेथे गेलेला काळ पाणी हटताच वस्तू होऊन समोर उभा राहतो. नारायण यांनी नेमके काय केले हे पाहिले म्हणजे पुष्कळ उलगडते. त्यांनी समूहाच्या जागी एकच माणूस ठेवला, नगरपालिकेच्या जागी मंगल नावाचे खेडे आणले, देऊळ पाण्याखालून काढून सरयू नदीच्या काठी, ओस पडलेले असे उभे केले. मगर तेवढी राहू दिली. नदीतली ती दंतकथेसारखी मगर दुष्काळात मरून पडलेली सापडते. आणि जो माणूस त्यांनी देवळात बसवला तो साधू नव्हता. तो तुरुंगातून सुटून आलेला एक वाटाड्या होता.

राजूचा सारा पूर्वेतिहास मालगुडीच्या रेल्वे स्टेशनावर घडलेला आहे. त्याच्या बापाचे हमरस्त्यालगत लहानसे दुकान होते. गाडीवान आणि खेडूत तेथे टेकत, गप्पा मारत, वाटेल तेव्हा उठत. तेथला काळ बैलांच्या चालीचा होता. मग लाल मातीने भरलेल्या मोटारी येऊ लागल्या, समोर मातीचा डोंगर उभा राहिला, रूळ पडले, आणि एके दिवशी निशाणे, वाजंत्री आणि मेजवानी यांच्या थाटात पहिली गाडी आली. बापाला फलाटावर दुकान मिळाले. ते पुढे राजूकडे आले तेव्हा त्याचा दिवस बापाच्या दिवसापेक्षा वेगळा झाला होता. गाडी आली की गर्दी, गाडी गेली की शुकशुकाट. तुकड्यातुकड्यांनी येणारा आणि परत न येणारा असा हा काळ आहे, आणि त्याच्याबरोबर माणसेही तशीच येतात.

हे प्रवासी राजूला गावाची माहिती विचारू लागतात, आणि ‘मला ठाऊक नाही’ असे त्याला म्हणता येत नाही. त्याच्या धंद्याचा उगम या एका स्वभावदोषात आहे. येथे कादंबरीने अभ्यासकाच्या हातात जणू किल्लीच ठेवली आहे. राजू कबूल करतो की एखाद्या जागेचे वय आपण सांगत असू ते त्या घटकेच्या लहरीवर आणि समोरच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असे. कोणाला देऊळ हजारो वर्षांचे, कोणाला त्याहून पुष्कळ अलीकडचे. विद्वान मनुष्य असेल तर आकडे टाळावयाचे. साधा असेल तर सढळ हाताने द्यावयाचे. कोणते स्थळ दाखवावयाचे आणि त्यात किती वेळ काढावयाचा हे प्रवाशाच्या खिशावरून ठरे. म्हणजे हा मनुष्य स्थळांना खोटा काळ चिकटवून विकतो. तो काळाचा व्यापारी आहे, आणि त्याचा माल स्टेशनावरच खपतो, कारण घेणारा पुढच्या गाडीने निघून जावयाचा असतो. खोटे उघडे पडण्याइतका कोणी तेथे थांबतच नाही.

मार्को हा त्याला भेटलेला पहिला असा प्रवासी, की ज्याच्यापुढे हा माल चालत नाही. त्याला लेण्यांतील चित्रे हवी असतात, त्यांचा खरा काळ हवा असतो, आणि त्यासाठी तो मेंपीच्या डोंगरातील निवासात दिवसचे दिवस राहतो. पण नारायण यांचा विनोद असा, की दगडाच्या शतकांचा इतका काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला त्याच निवासात शेजारी बसलेल्या बायकोचा एक दिवस कसा जातो हे कधी कळत नाही. त्या दोन काळांमधल्या फटीतून राजू आत शिरतो.

यापुढचा भाग, रोझीचे नलिनी होणे, नाचाचे दौरे, पैसा, खोटी सही आणि तुरुंग, हा वाचताना जागा पातळ होत जातात. शहरे येतात ती केवळ नावे म्हणून. राजूच्या लेखी ती कार्यक्रमपत्रिकेवरच्या तारखा असतात. हा दोष की योजना, याविषयी मतभेद संभवतो. काही प्रमाणात ती योजना आहे: जागेचा काळ विकणारा मनुष्य अखेर अशा आयुष्यात पोहोचतो की जेथे जागाच उरत नाही. परंतु रोझीच्या नृत्याला या कादंबरीत स्वतःचे असे स्थळ कोठेच लाभलेले नाही, ते नेहमी राजूच्या दाराच्या फटीतून पाहिलेले आहे, आणि त्यामुळे रोझीची साधना वाचकास ऐकीव वाटते. स्थलकालाची कल्पना येथे गुणाइतकीच उणीवही दाखवते.

आता देवळाकडे यावे. कादंबरीचा आरंभच तेथे होतो. तुरुंगातून सुटलेला राजू नदीकाठच्या दगडी चौथऱ्यावर बसलेला आहे, आणि वेलन नावाचा शेतकरी त्याला साधू समजून खालच्या पायरीवर बसतो. देवळातील काळाची जात स्टेशनावरच्या काळाहून वेगळी आहे. येथे माणसे जावयास येत नाहीत. तीच माणसे रोज संध्याकाळी येतात. स्टेशनावर एकदा बोललेले वाक्य गाडीबरोबर निघून जाई. देवळात ते राहते, गावात फिरते, आणि दुसऱ्या दिवशी वजनदार होऊन परत येते. राजूला हा फरक कळत नाही. तो जुन्याच सवयीने बोलत राहतो. आईकडून ऐकलेल्या आणि स्वतःच्या डोक्यातून काढलेल्या गोष्टींची सरमिसळ करून तपश्चर्येचे माहात्म्य तो एकदा रंगवून सांगतो. स्टेशनावर ते दहा मिनिटांचे बोलणे ठरले असते.

मग पाऊस हुलकावणी देतो. नदी आटते, गुरे मरू लागतात, धान्याचा भाव चढतो, आणि गावात मारामारी होते. भांडण थांबवावे म्हणून राजू वेलनच्या भावाजवळ रागाच्या भरात निरोप देतो, की गावकरी शहाणे होईपर्यंत आपण अन्न घेणार नाही. तो भाऊ मंदबुद्धीचा आहे. निरोप गावात पोहोचतो तो स्वामी पावसासाठी उपास धरणार या रूपात. राजूनेच सांगितलेली तपश्चर्या आता त्याच्यासमोर उभी राहते: गुडघाभर पाण्यात उभे राहून, आकाशाकडे पाहत, दोन आठवडे निराहार. ज्या काळाचा आकडा त्याने लहरीने फेकला होता तो काळ मोजून घ्यावयाला गाव आले आहे. फरक एवढाच, की या खेपेस तो दगडाला चिकटवावयाचा नसून स्वतःच्या शरीरावर घ्यावयाचा आहे.

सुटकेची त्याची शेवटची खटपट म्हणजे वेलनला सगळे खरे सांगून टाकणे. कादंबरीतील स्टेशनाची, मार्कोची, रोझीची आणि तुरुंगाची हकीकत ही राजूने देवळात एका रात्रीत सांगितलेली आहे. रचनेचा अर्थ येथे स्पष्ट होतो. अनेक वर्षांचा, तुकड्यांनी आलेला काळ देवळातील एका रात्रीच्या पोटात बसवलेला आहे, जसे धरणाच्या तळात गाव बसलेले असावे. आणि ती रात्र संपल्यावर काहीच बदलत नाही. वेलन सारे ऐकून घेतो आणि स्वामी हे मला कशासाठी सांगतात, असेच त्याला वाटते. त्याच्या लेखी तो भूतकाळ या जागेचा नव्हेच. स्टेशनावर जे घडले त्याला देवळात पुरावा म्हणून किंमत नाही.

उपोषणाच्या आरंभी राजू ॲल्युमिनियमच्या भांड्यात लपवून ठेवलेले अन्न आतल्या गाभाऱ्यात जाऊन खातो. ते संपते, मग दिवस फक्त भुकेने मोजले जातात. काही दिवसांनी, भुकेच्या आणि गर्दीच्या त्राग्यातच, त्याच्या मनात असा विचार येतो की माझ्या न खाण्याने झाडे पालवणार असतील तर हे काम नीट का करू नये? आयुष्यात प्रथमच तो दुसऱ्याला दाखवण्यासाठी नसलेले काही करतो. या ठिकाणी काळ, स्थळ आणि शरीर यांमध्ये पाते घालावयासही जागा राहत नाही. नदीचे पाणी जितके उतरले आहे तितकाच त्याचा देह उतरलेला आहे. दोन्ही एकाच दुष्काळाची मापे होत.

नारायण येथेही भाबडे होत नाहीत. उपोषणाची वार्ता पसरताच रेल्वे खास गाड्या सोडते, मोटारी धुरळा उडवत मंगलला येतात, चहाच्या प्रचाराची दुकाने लागतात, सरकारी खाते हिवतापावरचे चित्रपट दाखवते, जुगाराचे फड पडतात, अमेरिकन वार्ताहर कॅमेरा घेऊन हजर होतो. म्हणजे स्टेशन चालून देवळापर्यंत येते. राजूचे जुने गिऱ्हाईकच आता त्याला पाहावयास आले आहे, आणि तो स्वतः प्रेक्षणीय स्थळ झाला आहे. दोन स्थलकालांची ही गाठ हे या कादंबरीचे खरे शिखर होय.

मराठी वाचकास येथे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) आठवेल. तेथेही शेवट दुष्काळानेच होतो. पण त्या वाडीचा काळ मेंढरांबरोबर चालणारा आहे, म्हणून चारापाणी संपताच माणसे उठून जातात आणि जागा ओस राहते. मंगलमध्ये उलट घडते. दुष्काळ माणसांना हलवत नाही. साऱ्या मुलखाला एका कोरड्या पात्राभोवती गोळा करतो. एकाच अरिष्टातून दोन भिन्न स्थलकाल निघतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘दुष्काळाची कादंबरी’ हे वर्गीकरण किती तोकडे आहे ते कळते.

वर सांगितलेली परीक्षा, प्रसंग जागेवरून हलवून पाहण्याची, या कादंबरीपुरती प्रत्यक्षात झालेली आहे. 1965 साली तिच्यावर हिंदी चित्रपट निघाला. नारायण यांनी चित्रपटकारांना म्हैसूरच्या आसमंतातील जागा हिंडून दाखवल्या होत्या. चित्रीकरण मात्र उदयपूर-जयपूरकडे नेण्यात आले. याविषयीची आपली नाराजी नारायण यांनी पुढे एका स्वतंत्र लेखात, नेहमीच्या मिस्कील सुरात, नोंदवली. चित्रपट आपल्या परीने देखणा आहे, त्याची गाणी अजून ओठांवर आहेत. परंतु लहान गावाच्या फलाटावर, सर्वांना ओळखणाऱ्या दुकानदाराच्या हातून चालणारा तो काळाचा किरकोळ व्यापार राजवाडे आणि सरोवरे यांच्या ऐश्वर्यात दिसेनासा झाला. तेथली स्थळे आधीच इतकी ऐतिहासिक आहेत की त्यांचे वय फुगवून सांगण्यासाठी कोणा राजूची गरजच पडत नाही.

स्थळ हलताच शेवटही हलला. चित्रपटात पाऊस खरोखर कोसळतो आणि नायक मरतो. चमत्कार घडतो, हिशेब मिटतो. कादंबरीतील शेवटच्या सकाळी डॉक्टरांनी उपोषण सोडण्यास सांगितले असताही राजू दोघांच्या आधाराने पात्रात उतरतो, आणि डोंगरात पाऊस पडतो आहे, तो आपल्या पायांखालून वर चढत आहे, असे वेलनला सांगून खाली कोसळतो. पाऊस डोंगरात, पाय पात्रात. मधले अंतर पाण्याने काटावयाचे म्हणजे त्याला वेळ लागणार. तो वेळ कादंबरी आपल्याला देत नाही. पाणी आले की नाही, राजू जगला की नाही, हे सांगण्याच्या अलीकडच्या क्षणी ती थांबते. आयुष्यभर जागांना खोटे काळ सांगणाऱ्या माणसाचे हे शेवटचे विधान खरे होते की नाही, ते त्या पात्रात उभे राहून वाट पाहिल्याशिवाय कळण्यासारखे नाही.